रविवारचा डॉलर कितीचा?

३१ मार्च २०२४. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, आणि नेमका रविवार. परदेशी ग्राहकाचं काम घरून करणाऱ्या कुणीतरी त्या तारखेचं २,४०० डॉलरचं इनव्हॉइस काढलं आहे आणि एक्सेलमध्ये त्याचे रुपये करायचे आहेत, असं समजू. एका शीटवर तारीख आणि त्या दिवशीचा डॉलरचा दर असे दोन रकाने आहेत. इनव्हॉइसची तारीख E2 मध्ये. शेजारी नेहमीचा फॉर्म्युला:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$B$2000,2,FALSE)
```

शुक्रवारच्या, सोमवारच्या इनव्हॉइसला हा फॉर्म्युला बिनचूक दर देतो. रविवारी मात्र सेलमध्ये #N/A उमटतं. फॉर्म्युल्याची चूक काहीच नाही. ‘अगदी हीच तारीख शोध’ असं FALSE म्हणून आपणच सांगितलंय, आणि ती तारीख तक्त्यात नाही.

ती नाही, कारण त्या दिवशी दर ठरलाच नव्हता. रुपयाचा अधिकृत संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करायची. १० जुलै २०१८ पासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, म्हणजे एफबीआयएल, ही कंपनी करते. दुपारच्या आधी बँकांमध्ये डॉलरचे जे प्रत्यक्ष सौदे होतात त्यांवरून तो काढतात आणि दुपारी दीडच्या सुमारास प्रसिद्ध करतात. मुंबईत डॉलरचा बाजार बंद असला की सौदे नाहीत, सौदे नाहीत म्हणून दर नाही. २०२४ च्या मार्चअखेरीस तर सुट्ट्यांची रांगच लागली होती. २९ तारखेला गुड फ्रायडे, मग शनिवार, रविवार, आणि सोमवारी १ एप्रिलला बँकांचे वार्षिक हिशेब. २८ मार्चला दर निघाला ८३.३७३९ रुपये. त्यानंतरचा निघाला थेट २ एप्रिलला.

#N/A दिसलं की पहिला हात जातो IFERROR कडे: चूक आली तर शून्य दाखव. शीट स्वच्छ दिसते, पण रविवारचं इनव्हॉइस शून्य रुपयांचं होऊन बेरजेतून दोन लाख गळून पडतात. #N/A असताना निदान बेरीजही #N/A येत होती, म्हणजे बोंब तरी मारत होती.

दुसरा उपाय जरा हुशार वाटतो. WEEKDAY ने वार काढायचा. शनिवार असेल तर तारखेतून एक वजा करायचा, रविवार असेल तर दोन. आपल्या रविवारी हा उपाय २९ मार्चवर, म्हणजे गुड फ्रायडेवर, जाऊन आदळतो आणि पुन्हा #N/A. पुढे ९ एप्रिलला गुढीपाडवा होता, तोही मंगळवारी. न्यूयॉर्कला डॉलरचा बाजार चालू, मुंबईत दर नाही. सुट्ट्यांची वेगळी यादी ठेवून हेही निस्तरता येतं, पण खरं तर ती यादी आपल्याकडे आधीच आहे. दरांच्या तक्त्यात जी तारीख नाही ती सुट्टीची.

म्हणून खरा उपाय एका शब्दाचा आहे. शेवटचं FALSE काढून TRUE लिहायचं:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$B$2000,2,TRUE)
```

सेलमध्ये ८३.३७३९ येतं आणि इनव्हॉइस होतं २,००,०९७ रुपये ३६ पैशांचं.

या TRUE ला एक्सेल ‘अंदाजे जुळणी’ अशा अर्थाचं नाव देतं, आणि ते नाव दिशाभूल करणारं आहे. ऐकून वाटतं, की जवळपासची तारीख शोधून भागवलं जातंय. १ एप्रिलची तारीख घालून पाहा. तिला सर्वांत जवळची तारीख २ एप्रिल, अवघ्या एका दिवसावर. २८ मार्च चार दिवस मागे. तरी उत्तर येतं २८ मार्चचंच. एक्सेलच्या पोटात प्रत्येक तारीख म्हणजे एक आकडा असतो: २८ मार्च २०२४ हा ४५३७९, १ एप्रिल ४५३८३, २ एप्रिल ४५३८४. ४५३८३ पेक्षा मोठे नसलेले जे आकडे तक्त्यात आहेत त्यांतला सर्वांत मोठा कोणता, एवढंच TRUE विचारतं. त्यात अंदाज कुठेच नाही. नियम पक्का आहे आणि तो फक्त मागे पाहतो.

मागेच पाहणं इथे योग्यही आहे. बाजार समिती बंद असताना कांद्याचा भाव विचारला, तर शेवटच्या लिलावाचा भाव सांगतात. उद्याचा कुणाला ठाऊक असतो? २८ मार्च आणि २ एप्रिलच्या दरांची सरासरी काढावी, असं काहींना सुचतं. पण त्या सरासरीत २ एप्रिलचा दर मिसळला आहे, जो रविवारी पृथ्वीतलावर कुणालाच माहीत नव्हता. हिशेबाची रीतही मागचाच दर घेते. शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ३१ मार्च २०२४ च्या डॉलरपुढे ८३.३७ छापलेलं दिसतं आणि खाली तळटीप असते, की त्या दिवशी सुट्टी असल्याने आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेतला आहे. TRUE म्हणजे तीच तळटीप. फक्त तुमच्या करारात ‘पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा दर’ असं लिहिलं असेल, तर मात्र ही वाट तुमची नाही.

इथवर सगळं सरळ आहे. घोटाळा होतो तो एक्सेल शोधतं कसं यात.

FALSE असताना एक्सेल तारीख सापडेपर्यंत तक्ता तपासतं. ओळींचा क्रम कसाही असला तरी चालतं. TRUE असताना ते जाड शब्दकोश उघडावा तसं करतं: मधोमध उघडायचं, हवं ते पुढे की मागे हे पाहायचं, निम्मी पानं सोडून द्यायची, उरलेल्यांत पुन्हा मधोमध. साडेसहा हजार ओळींच्या तक्त्यात जेमतेम तेरा वेळा पाहून उत्तर मिळतं. अट एकच. शब्दकोश अकारविल्हे हवा, तसा तक्ता जुन्याकडून नव्याकडे लावलेला हवा.

पाच ओळी घेऊ. मार्चच्या २२, २६, २७, २८ आणि एप्रिलची २. (२५ मार्चला धुळवड होती.) शोधायची आहे ३१ मार्च. मधली ओळ २७ मार्च. ती ३१ च्या आधीची, म्हणून उत्तर तिथे किंवा खाली. खाली २८, तीही आधीची, म्हणून आणखी खाली. पुढे २ एप्रिल, ती नंतरची. थांबा, उत्तर २८ मार्च.

आता हाच तक्ता उलटा लावा, वर २ एप्रिल आणि तळाशी २२ मार्च. मधली ओळ पुन्हा २७. आधीची आहे, चला खाली. २६, आधीची, आणखी खाली. २२, तीही आधीची, आणि तक्ता संपला. उत्तर: २२ मार्चचा दर! २८ तारीख मधल्या ओळीच्या वर बसली होती. तिकडे एक्सेलने पाहिलंच नाही. #N/A नाही, लाल खूण नाही. आकडा दिसायला अगदी बरोबर.

उलटे तक्ते दुर्मीळ असते तर एवढं सांगितलं नसतं. युरोपीय मध्यवर्ती बँक आपल्या सगळ्या जुन्या संदर्भ दरांची फाइल फुकट देते, ४ जानेवारी १९९९ पासूनची, आणि तिच्यात सर्वांत नवी तारीख वर असते. ती जशीच्या तशी शीटवर टाकून, फॉर्म्युल्यातला २००० हा आकडा तिच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाढवून ३१ मार्च २०२४ साठी एका युरोचे डॉलर विचारले, की शोध प्रत्येक पायरीला खालीच घसरत जातो आणि पार तळाशी, युरोच्या पहिल्या दिवशी, जाऊन थांबतो. उत्तर येतं १.१७८९. खरा, म्हणजे २८ मार्चचा, दर होता १.०८११. दोन्ही आकडे सारखेच भरवशाचे वाटतात, आणि पंचवीस वर्षं जुना दर लागलाय हे नुसतं पाहून कळण्याचा मार्ग नाही. अशा फाइलला आधी तारखेप्रमाणे चढत्या क्रमाने लावायचं. नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये XLOOKUP आहे. त्याला -1 दिलं की तो मागचीच तारीख शोधतो आणि क्रमाची अट घालत नाही:

```
=XLOOKUP(E2,$A$2:$A$2000,$B$2:$B$2000,"दर नाही",-1)
```

मागे पाहण्याची दुसरी खोड दोन्ही फॉर्म्युल्यांत आहे: किती मागे जायचं याला धरबंध नाही. तक्त्यात दर भरायचं जूनपासून राहून गेलं, तर नोव्हेंबरच्या इनव्हॉइसलाही तो मे महिन्याचा शेवटचा दर निमूटपणे देत राहतो. FALSE असतं तर ओरडलं असतं. म्हणून मी दराशेजारी आणखी एक रकाना ठेवतो, नेमकी कोणती तारीख सापडली ते दाखवणारा:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$A$2000,1,TRUE)
```

इनव्हॉइसच्या तारखेतून ही वजा केली की दर किती शिळा ते कळतं. कामाच्या दिवशी शून्य, आपल्या रविवारी तीन, १ एप्रिलला चार. पाचाच्या वर गेलं की सेल लाल होईल अशी सोय केली आहे. आणि उलट्या तक्त्याची चोरीही इथेच पकडली जाते: पाच ओळींच्या उदाहरणात फरक नऊ दिवसांचा येतो, युरोपीय फाइलच्या बाबतीत नऊ हजारांवर.

या रकान्यालाही चकवणारी एक जागा आहे. गूगल शीट्समधलं GOOGLEFINANCE चलनाचे जुने दर देतं तेव्हा तारखेसोबत वेळही चिकटवतं, रात्रीचे २३:५८. म्हणजे २८ मार्चची ओळ ४५३७९ नसून ४५३७९.९९८६ असते. आपण विचारतो साधी २८ मार्च, ४५३७९. नेमकी जुळणी कधीच होत नाही, म्हणून माणूस वैतागून TRUE लावतो आणि दर येऊ लागतात. पण त्या दिवसाची ओळ आता विचारलेल्या आकड्यापेक्षा मोठी आहे, म्हणून शोध एक ओळ मागे सरकतो आणि २७ मार्चचा दर आणतो. रोज, प्रत्येक इनव्हॉइसला, एक दिवस जुना दर. शिळेपणाच्या रकान्यात फरक येतो दिवसाचा ०.००१४ इतका, आणि एक दशांश स्थळ दाखवणाऱ्या सेलमध्ये तो ०.० दिसतो.

सापडलेली तारीख तारखेच्या रूपात वाचली तरच तिथे २७ मार्च दिसतं. दुरुस्ती तक्त्यातच करावी लागते: तारखांच्या शेजारी =INT(A2) असा रकाना करून वेळ कापून टाकायची आणि शोध त्या रकान्यात घ्यायचा. मग २८ ला २८ चाच दर मिळतो.