कॅशलेस रिजेक्टचा मेसेज आला? आधी पूर्ण लेटर मागा

हेल्थ इन्शुरन्सचं कॅशलेस नाकारल्यावर मोबाईलवर येतो त्या एसएमएसमध्ये बहुतेक वेळा नुसतं 'रिक्वेस्ट डिनाईड' एवढंच असतं, खरं कारण हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या काउंटरला, आलेल्या लेटरमध्ये असतं, आणि डेस्कवाले ते आपणहून देत नाहीत, म्हणून आधी त्याची कॉपी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दिला तरी चालेल, पण 'वरून नाही म्हणालेत' यावर घरी परत येऊ नका.

लेटरमध्ये पहिलं बघायचं, ही क्वेरी आहे की डिनायल. क्वेरी म्हणजे कागद हवाय, केस अजून उघडी आहे. डिनायल असेल तर Excl01 असा काही कोड शोधा. Excl01 म्हणजे आधीपासूनचा आजार, Excl02 म्हणजे ठरावीक आजार-ऑपरेशनांचा वेटिंग पिरियड, Excl03 म्हणजे पॉलिसीचे पहिले 30 दिवस. कोड नसेल आणि 'ड्युरेशन ऑफ एलमेंट' कळत नाही असं काही लिहिलं असेल तर अर्थ एवढाच, की आजार कधीपासूनचा हे कागदावर दिसत नाहीये.

आमच्या वहिनीचं असंच झालं. पित्ताशयात खडे, पॉलिसीला 28 महिने झालेले, त्यामुळे खड्यांचा 24 महिन्यांचा वेटिंग संपलेला, तरी रिजेक्ट! लेटर वाचलं तर शेवटी 'फर्स्ट कन्सल्टेशन पेपर' मागितलेला. मग प्री-ऑथ फॉर्म, म्हणजे कॅशलेसच्या मंजुरीसाठी हॉस्पिटलने भरून पाठवलेला फॉर्म, बघितला तर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी 'पोटदुखी 3 वर्षं' लिहून ठेवलेलं, कारण वहिनी बोलता बोलता म्हणाली की 3 वर्षांपूर्वी अ‍ॅसिडिटी झाली होती. दुखणं 3 आठवड्यांचं, पण कागदावर ते पॉलिसीच्या आधीचं झालं, आणि आधीच्या आजाराला त्यांच्या पॉलिसीत 36 महिन्यांचा वेटिंग.

फर्स्ट कन्सल्टेशन पेपर हाच तो कागद जो कुणाकडेच नसतो, कारण फॅमिली डॉक्टर गोळ्या देतात, चिठ्ठी देत नाहीत. त्यांच्याकडून लेटरहेडवर तारीख, तक्रार काय होती, कधीपासून, पुढे सोनोग्राफी कधी सांगितली, सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर एवढं घ्या. सर्जनकडून वेगळं सर्टिफिकेट, की फॉर्ममधला कालावधी चुकून लिहिला गेला. सोबत पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्यावरची तारीख सगळ्यात जास्त कामाला येते. पण हे खरंच चूक झाली असेल तरच हं, जुना आजार नवा दाखवायला जाऊ नका, विमा कंपनीवाले जुने रेकॉर्ड काढतात आणि मग क्लेमबरोबर पॉलिसीही जाऊ शकते.

हे सगळं डेस्ककडून 'रिकन्सिडरेशन' म्हणून पाठवायला सांगा आणि मेलमध्ये स्वतःला सीसीत ठेवा, नाहीतर 'पाठवलं' म्हणतात आणि फाईल टेबलावरच पडलेली असते. वहिनीचं दुसऱ्या दिवशी मंजूर झालं. तोपर्यंत डिस्चार्ज झाला तर बिल भरून हेच कागद लावून रिइम्बर्समेंट टाका, कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही.