गृहकर्जात पती-पत्नी दोघांची नावं: करारनाम्यात हिस्सा लिहिला नाही तर काय होतं?

'बँकेत माझंही नाव आहे, म्हणजे घर माझंही आहे' असं बऱ्याच बायका धरून चालतात. हे खरं असेलच असं नाही. सहकर्जदार म्हणजे कर्ज फेडायला बांधील असलेली व्यक्ती. सहमालक म्हणजे जिचं नाव नोंदणीकृत करारनाम्यात खरेदीदार म्हणून आहे ती. बँका साधारणपणे प्रत्येक सहमालकाला सहकर्जदार व्हायला लावतात, पण सहकर्जदार मालक असावाच असा आग्रह त्यांचा नसतो. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा, काढून दस्त करून घेणाऱ्याच्या रकान्यात आपलं नाव आहे का, ते बघा.

अर्जाला दोघांचेही कागद लागतात: पॅन, आधार, अलीकडची पगारपत्रकं, फॉर्म 16, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि बिल्डरच्या करारनाम्याचा मसुदा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रही जोडावं. दोघांचं उत्पन्न एकत्र धरल्याने कर्ज जास्त मिळतं. मात्र संपूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांवर असते, अर्ध्या-अर्ध्याची नाही. महाराष्ट्रात महिलेला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

आता हिस्स्याचं. पुण्यातला 60 लाखांचा फ्लॅट घेऊ. स्वतःचे 15 लाख घातले, त्यात बायकोच्या बचतीतले 10 आणि नवऱ्याचे 5. कर्ज 45 लाख, 20 वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता सुमारे 39,000 रुपये. हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जातो आणि बायकोच्या पगारातून किराणा, मुलांची फी, लाइट बिल चालतं. आपल्याकडच्या बहुतेक नोकरदार घरांत अशीच वाटणी असते. करारनाम्यात दोघांची नावं आहेत, हिस्सा लिहिलेला नाही.

सहा वर्षांनी दोघं वेगळे होतात. तोवर सुमारे 28 लाख हप्त्यांत गेलेले असतात, पण कर्ज अजून 38 लाखांच्या वरच असतं, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतांश व्याजातच जातात. फ्लॅटची किंमत 80 लाख धरली तर कर्ज वजा जाता साधारण 41.7 लाख उरतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 45 नुसार, वेगळा करार नसेल तर हिस्सा ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात ठरतो. कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर समान धरतात. इथे नवऱ्याकडे त्याच्या 5 लाखांचा आणि 28 लाखांच्या हप्त्यांचा पुरावा आहे, बायकोकडे फक्त 10 लाखांचा. त्याच्या वकिलाने असा हिशोब मांडला तर तिचा वाटा सुमारे 23 टक्के, म्हणजे साडेनऊ लाखांच्या आसपास निघतो. अर्धा असता तर जवळजवळ 21 लाख. किराण्याची बिलं कोण जपून ठेवतं?

म्हणून करारनाम्यात 'प्रत्येकी 50 टक्के' किंवा ठरेल ते प्रमाण लिहून घ्या. मसुद्याच्या वेळी ही एका ओळीची बाब आहे. नंतर बदलायचं तर नवा नोंदणीकृत दस्त करावा लागतो. (गोव्यात गोष्ट वेगळी: तिथल्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी दुसरा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते.)

वेगळं होताना बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नसतं. 'यापुढे हप्ते नवरा भरेल' असं कौटुंबिक न्यायालयातल्या संमतीच्या अटींमध्ये लिहिलं, तरी बँक त्या खटल्यात पक्षकार नसते. त्याने हप्ता चुकवला की बायकोचाही सिबिल घसरतो आणि वसुलीची नोटीस तिच्याही पत्त्यावर येते. नाव काढायला एकट्याचं उत्पन्न पुरेसं आहे का, हे बँक नव्याने तपासते. पुरत नसेल तर दुसरा सहकर्जदार आणा, कर्ज दुसऱ्या बँकेत न्या किंवा फ्लॅट विका.

नाव कर्जातून निघालं तरी मालकी आपोआप बदलत नाही. त्यासाठी बँकेची एनओसी घेऊन वेगळा दस्त करावा लागतो, आणि इथे वेळेला किंमत आहे. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये असतं, इतर आकार वेगळे. पण ही सवलत नातं टिकून असेपर्यंतच. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर ती व्यक्ती पती किंवा पत्नी राहत नाही. शिवाय हिस्स्याच्या बदल्यात पैसे घेतले असतील तर त्याला बक्षीस म्हणता येत नाही, शुल्क बरंच जास्त लागू शकतं. त्यामुळे संमतीच्या अटींवर सही करण्याआधी तीन गोष्टींची तारीख त्यातच घाला: कर्जातून नाव कधी निघणार, दस्त कधी होणार आणि तोवर हप्ता कोणाच्या खात्यातून जाणार.