राजीनाम्यानंतर रिलिव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र: एचआरकडे कधी, कसं मागायचं आणि कुठे अडतं

ही दोन पत्रं वेगवेगळी आहेत, आणि अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. रिलिव्हिंग लेटर म्हणजे तुमचा राजीनामा स्वीकारला असून अमुक तारखेपासून तुम्हाला कामातून मुक्त केलं आहे, असं कंपनीने लिहून देणं. अनुभव प्रमाणपत्रात तुम्ही कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, काय काम केलं हे असतं. नवीन कंपनीला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी आधी रिलिव्हिंग लेटर लागतं. सरकारी भरती, परदेशी व्हिसा किंवा पुढची बढती यांना अनुभव प्रमाणपत्र लागतं. काही कंपन्या दोन्ही एकाच पानावर देतात आणि ते चालतंही, पण मागताना दोन्हींची नावं स्वतंत्र लिहा. नाहीतर एकच पत्र येतं आणि दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून मेल सुरू.

पत्र अडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या तारखेवरून. समजा ऑफर लेटरमध्ये ६० दिवसांचा नोटीस पिरियड लिहिलाय आणि तुम्ही बुधवारी, १० जून २०२६ ला राजीनामा मेल केला. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर साठावा दिवस ९ ऑगस्ट येतो, आणि तो रविवार आहे. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर तुम्ही प्रत्यक्षात शुक्रवारी ७ तारखेलाच ऑफिसबाहेर पडणार. मग मुक्त झाल्याची तारीख ७ की ९? एचआर एक धरतं, तुम्ही दुसरी. त्यात नोटीसच्या काळात तीन दिवस रजा घेतली असेल, तर बऱ्याच कंपन्या नोटीस तेवढ्याच दिवसांनी पुढे ढकलतात. म्हणजे त्यांच्या सिस्टिममध्ये १२ ऑगस्ट आणि तुमच्या डोक्यात ९. कर्मचारी १० तारखेला नव्या जागी रुजू होतो, जुन्या कंपनीच्या हिशेबात तो अजून नोकरीतच असतो, आणि व्हेरिफिकेशनमध्ये दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसतात. ही चूक नंतर निस्तरायला महिने जातात.

म्हणून राजीनाम्यानंतर दोन-तीन दिवसांत स्वीकृतीचा मेल आला नाही, तर स्वतःच लिहा: ‘माझा शेवटचा कामाचा दिवस ७ ऑगस्ट आणि नोकरीची अखेरची तारीख ९ ऑगस्ट २०२६ अशी नोंद असल्याचं कृपया कळवावं.’ मॅनेजरने ‘हो हो, बघतो’ म्हटलं म्हणजे राजीनामा स्वीकारला असं होत नाही. कंपनीचं पोर्टल असेल तर मेलवर भागत नाही, पोर्टलवरही राजीनामा टाकावा लागतो, आणि तिथल्या मॅनेजरच्या मंजुरीशिवाय पुढची एकही पायरी सरकत नाही. तो रजेवर असला की तुमचा अर्ज तसाच पडून राहतो आणि कुणी तुम्हाला कळवतही नाही.

दुसरी अडचण नो ड्यूजची. आयटी, अ‍ॅडमिन, फायनान्स आणि तुमचा विभाग अशा चौघांची सही किंवा टिक लागते. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, सिम, गेटपास परत करताना प्रत्येक वस्तूची पोच घ्या. त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर हवा. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप कुरिअरने पाठवला असेल तर डॉकेट नंबर आणि पॅक करण्याआधीचा फोटो त्याच दिवशी आयटीला मेल करा. ‘लॅपटॉप मिळालाच नाही’ या एका वाक्यावर पत्रं महिनाभर लटकतात. फायनान्सकडून बहुधा प्रवासखर्चाचा न मिटवलेला अ‍ॅडव्हान्स निघतो, आणि तो नेमका शेवटच्या दिवशी निघतो. आधीच विचारून ठेवा.

पत्र शेवटच्या दिवसानंतर मागायचं, ही समजूत सोडून द्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा मेल बंद होतो आणि सगळा पत्रव्यवहार तिकडेच राहतो. साधारण दोन आठवडे आधी, वरच्या उदाहरणात २७ जुलैला, विनंती पाठवा आणि सीसीमध्ये तुमचा खाजगी मेल टाका. स्वतःचा राजीनामा आणि त्यावरची उत्तरं स्वतःजवळ ठेवण्यात गैर काही नाही. कंपनीच्या फायली मात्र खाजगी मेलवर पाठवू नका. तसं केलं तर एचआरच्या हाती आयतं कारण मिळतं.

मजकूर असा ठेवता येईल. इंग्रजीत पाठवणार असाल तर क्रम हाच:

‘आदरणीय मॅडम, मी १० जून २०२६ रोजी दिलेला राजीनामा १२ जूनच्या मेलने स्वीकारला गेला आहे. माझा कामाचा शेवटचा दिवस ७ ऑगस्ट व नोकरीची अखेरची तारीख ९ ऑगस्ट आहे. मला रिलिव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र अशी दोन पत्रं हवी आहेत. नवीन कंपनीत १७ ऑगस्टला रुजू होताना रिलिव्हिंग लेटर सादर करायचं असल्याने ते १४ ऑगस्टपर्यंत, आणि अनुभव प्रमाणपत्र ३१ ऑगस्टपर्यंत मिळावं ही विनंती. माझ्याकडून काही बाकी असल्यास ३१ जुलैपर्यंत कळवावं, म्हणजे मी ऑफिसात असतानाच ते पूर्ण करेन. पूर्ण नाव, एम्प्लॉयी कोड, खाजगी मेल आणि मोबाइल क्रमांक खाली देत आहे.’

यात ठामपणा आहे तो तारखांमध्ये. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना एचआरच्या टेबलावर किंमत नाही, कारण प्रत्येक मेलमध्ये तेच असतं. ‘कायदेशीर कारवाई करेन’ हे पहिल्या मेलमध्ये लिहिलं तर फाइल उचलून लीगल विभागाकडे जाते, आणि चार दिवसांचं काम चार आठवड्यांवर जातं. बाकी काय आहे ते अमुक तारखेपर्यंत कळवा, ही ओळ मात्र गाळू नका. नंतर कुणी जुनं काही उकरून काढलं, तर ही ओळ तुमच्या बाजूने बोलते.

‘फुल अँड फायनल झाल्यावर पत्र मिळेल’ हे उत्तर जवळपास ठरलेलं. हिशेबाला ४५ दिवस लागतात, म्हणून पत्रालाही ४५ दिवस, असा तो तर्क. पण तुम्ही कामातून मुक्त झालात ही घटना हिशेबाची वाट बघत नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. म्हणजे ४५ दिवसांची प्रथा पगारापुरती तरी कायद्यात बसत नाही. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवसांची मुदत आहे. हे मेलमध्ये भांडणाच्या सुरात लिहू नका. ‘हिशेब चालू राहू दे, रिलिव्हिंग लेटर तेवढं आधी द्यावं’ इतकंच मागा. नोटीसचे दिवस कमी भरले असतील आणि त्याची वसुली बाकी असेल, तर मात्र कंपनी अडून बसते. तिथे रक्कम लेखी मागून घ्या, भरा आणि पावती जोडा.

खाजगी कंपनीने अनुभव प्रमाणपत्र अमुक दिवसांत द्यावं असा सगळ्यांना सरसकट लागू होणारा नियम शोधत बसू नका. तुमचा आधार म्हणजे ऑफर लेटर आणि कंपनीचं एचआर धोरण. त्यात दिवस लिहिले असतील तर ते कलम मेलमध्ये जसंच्या तसं उतरवा.

१४ ऑगस्ट उलटून गेला तर त्याच मेलच्या साखळीत आठवण करा, नवा मेल सुरू करू नका. नवीन माणसाला आधीचं काही दिसत नाही आणि ‘आम्हाला विनंतीच आली नाही’ म्हणायला जागा राहते. २४ ऑगस्टपर्यंत काही नाही तर त्याच साखळीत एचआर प्रमुखांना घ्या. फोन करायला हरकत नाही, पण ठेवल्यावर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे शुक्रवारी पत्र मिळेल’ असा दोन ओळींचा मेल टाका. ७ सप्टेंबरपर्यंतही पत्र नसेल, तर सही केलेलं कागदी पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. वकिलाची नोटीस त्याच्या पुढची. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते, पण मॅनेजर पदावरच्या माणसाला कायदा ‘कामगार’ धरत नाही, हे तिथे रांगेत उभं राहण्याआधी लक्षात घ्या.

तोवर नवीन कंपनीला अंधारात ठेवू नका. रुजू होण्याआधीच मुदत मागा आणि सोबत राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि ईपीएफओच्या पोर्टलवरची `Service History` पाठवा. बहुतेक कंपन्या तात्पुरतं यावर भागवतात. त्या नोंदीत जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटचं अंशदान जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती तुम्ही स्वतः `Manage` मधल्या `Mark Exit` इथून आधार ओटीपीने भरू शकता. एकदा टाकलेली तारीख बदलणं कटकटीचं असतं, त्यामुळे घाईत टाकू नका.

पत्र हातात आलं की आनंदाने फोल्डरमध्ये टाकण्याआधी वाचा. नाव पॅन आणि आधारवर आहे तसंच हवं. आपल्याकडे मधलं नाव कुठे असतं, कुठे नसतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पगारपावतीवर माहेरचं आणि पॅनवर सासरचं, अशी गंमत हमखास होते. रुजू झाल्याची तारीख ऑफर लेटरची नव्हे, प्रत्यक्ष हजर झाल्याची असावी. मध्ये बढती झाली असेल तर दोन्ही पदं आणि त्यांचे कालावधी मागा. एचआर सवयीने फक्त शेवटचं पद छापतं, आणि मग पाच वर्षं सीनियर पदावर होता असं दिसतं, जे व्हेरिफिकेशनमध्ये खोटं ठरतं. लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव-पद आणि तारीख आहे ना, तेही पाहा.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीसाठी अर्ज करणार असाल तर नेहमीचं दोन ओळींचं प्रमाणपत्र पुरत नाही. तिथे कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ पत्रात लागतात. हे पहिल्याच विनंतीत मुद्देसूद लिहा, कामांची यादी स्वतः तयार करून जोडा आणि मॅनेजरकडून तपासून घ्या. सहा महिन्यांनी मागायला जाल तेव्हा तो मॅनेजरही नोकरी सोडून गेलेला असतो.

चूक सापडली तर दुरुस्तीची विनंती त्याच आठवड्यात पाठवा, आधीच्याच साखळीत, चुकीच्या ओळीखाली बरोबर ओळ लिहून आणि ती दाखवणारा कागद जोडून.