दुसरा घटक मनातला की वाक्यरचनेतला?

अभिवृत्ती मोजणारी नवी प्रश्नावली लिहिली, काहीशे जणांकडून भरून घेतली आणि उत्तरांमागचे मोजके समान घटक शोधणारं घटक विश्लेषण केलं, की लोडिंगचा तक्ता हाती येतो. मग अनेकांना वाटतं, की संगणकाने मनातले कप्पे शोधून दिले, आता त्यांचं बारसं तेवढं उरलं. पण संगणकाने विधानं वाचलेलीच नसतात. त्याच्यापुढे असतात फक्त विधानाविधानांतले सहसंबंध, आणि ते मनाखेरीज इतर कारणांनीही वाढतात.

लोडिंग म्हणजे एखाद्या विधानाची उत्तरं त्या घटकाबरोबर किती हलतात याचा आकडा. एकच घटक असेल आणि दोन विधानांची लोडिंग 0.6 असतील, तर त्या दोघांतला सहसंबंध 0.6 × 0.6, म्हणजे 0.36 असायला हवा. घटक विश्लेषण हाच गुणाकार उलटा सोडवतं: सहसंबंध माहीत आहेत, लोडिंग शोधा.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. गणिताविषयीच्या अभिवृत्तीची आठ विधानं आहेत. चार सरळ (‘गणित सोडवताना मजा येते’), चार उलट (‘गणिताचा तास नकोसा वाटतो’). उत्तरं 1 ते 5. उलट विधानांचे गुण 6 मधून वजा करून फिरवून घेतले आहेत, म्हणजे जास्त गुण म्हणजे सगळीकडे जास्त आवड. समजा, खरी अभिवृत्ती एकच आहे आणि कुठल्याही दोन विधानांत सहसंबंध 0.40 आहे. मग घटक एकच निघेल आणि प्रत्येक विधानाचं लोडिंग 0.63 येईल.

पण दहा टक्के लोकांनी न वाचताच एका रांगेत खुणा केल्या, तर? ज्याने सगळीकडे 4 वर खूण केली, त्याचे सरळ विधानांत गुण 4, आणि उलट विधानांत फिरवल्यावर 2. म्हणजे हा गृहस्थ एकाच वेळी गणितप्रेमी आणि गणितद्वेष्टा! अशा लोकांत एकाच दिशेच्या विधानांचा सहसंबंध +1 असतो, विरुद्ध दिशेच्या विधानांचा −1. त्यांची सरासरी 3 आणि उत्तरांचा पसारा इतरांइतकाच धरला, तर एका दिशेच्या विधानांत सहसंबंध 0.9 × 0.40 + 0.1 = 0.46 होतो, आणि विरुद्ध दिशेच्या विधानांत 0.9 × 0.40 − 0.1 = 0.26.

एवढ्याशा फरकाने तक्ता पालटतो. पहिल्या घटकावर सगळ्यांचं लोडिंग 0.60. दुसऱ्यावर सरळ विधानांचं +0.32, उलट विधानांचं −0.32. ताळा पाहा: 0.36 + 0.10 = 0.46 आणि 0.36 − 0.10 = 0.26. दुसऱ्या घटकाचं आयगेन मूल्य, म्हणजे सगळ्या उत्तरांतला किती पसारा तो घटक सामावून घेतो याचा आकडा, आधी 0.60 होतं, ते आता 1.34 झालं. ‘एकाहून मोठं असेल तर घटक ठेवा’ हा लोकप्रिय नियम त्याला बिनधास्त आत घेतो.

यानंतर रोटेशन होतं, म्हणजे तक्ता वाचायला सोपा व्हावा म्हणून घटकांचे अक्ष फिरवतात, आणि खरी फसगत होते ती इथे. घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू न देणाऱ्या व्हॅरिमॅक्स पद्धतीने अक्ष फिरवले, की सरळ विधानं पहिल्या घटकावर 0.65 आणि दुसऱ्यावर 0.20 दिसतात, उलट विधानं बरोबर याच्या उलट. 0.30 खालचे आकडे लपवायची सवय असेल, तर तक्ता आरशासारखा स्वच्छ. मग ‘गणितप्रेम’ आणि ‘गणितभय’ अशी नावं पडतात, मथळे होतात. पत्रिकेतल्या ग्रहांइतकाच पुरावा या नावांमागे असतो.

घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू देणारं तिरकं रोटेशन केलं तर लोडिंग 0.68 आणि जवळपास 0 येतात, आणि घटकांतला सहसंबंध 0.57. हा शेवटचा आकडा आधी पाहावा: तो मोठा असेल, तर दोन घटक मुळात एकच असल्याची शंका घ्यावी. पण तो कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण बेफिकीर उत्तरं वाढली की तो आणखी घटतो.

दहा टक्के हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. श्मिट आणि स्टल्ट्स या संशोधकांनी 1985 साली कृत्रिमरीत्या तयार केलेल्या आकडेवारीवर दाखवलं, की एवढे बेफिकीर लोकही उलट विधानांचा स्वतंत्र घटक उभा करायला पुरतात. रोझेनबर्गच्या 1965 च्या आत्मसन्मान श्रेणीत पाच सरळ आणि पाच उलट विधानं आहेत. तिच्यात घटक एक की दोन, हा वाद कित्येक वर्षं चालला.

ओळखायचं कसं? लोडिंगच्या तक्त्याशेजारी विधानाच्या दिशेचा एक रकाना लिहा. विभागणी तंतोतंत दिशेनुसार असेल, तर गुण फिरवण्याआधीची मूळ उत्तरं उघडा. परस्परविरोधी विधानांना ठाम ‘पूर्ण सहमत’ म्हणणारे बाजूला काढून विश्लेषण पुन्हा करा. दुसरा घटक विरला, तर तो खुणांचा होता. उरला, तरी घाई नको: प्रत्येक वाक्याला मान डोलावण्याची सवय असलेले काही जण वाचूनही असाच ठसा सोडतात, आणि ते इतके ढळढळीत सापडत नाहीत.

भीतीची सगळी विधानं उलट आणि आवडीची सगळी सरळ लिहिली असतील, तर एकट्या लोडिंगच्या तक्त्यातून भीती आणि वाक्यरचना वेगळ्या काढता येत नाहीत. तिथे ‘गणिताच्या पेपरला मी शांत असतो’ अशी सरळ दिशेची भीतीविषयक विधानं आणि ‘गणित कंटाळवाणं आहे’ अशी उलट दिशेची आवडीविषयक विधानं लिहून नव्या लोकांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी लागते. ‘शांत असतो’ हे विधान भीतीच्या विधानांबरोबर गेलं तर भीतीचा घटक खरा मानायला जागा आहे. सरळ विधानांच्या कळपात गेलं तर नाही.