तळहाताच्या रेषा काळ्या का पडतात?

उन्हात हिंडलं की माणूस रापतो. पण तळहाताच्या रेषा आणि हिरड्या उन्हाने रापत नाहीत. त्या काही महिन्यांत काळवंडल्या, सोबत वजन उतरलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि खारट खाण्याची ओढ लागली, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळत बसू नये. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 साली वर्णन केलेला, अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा आजार तपासायला हवा. आपल्याकडे या ग्रंथींच्या नाशामागे कधी कधी क्षयरोग असतो.

पण बिघाड मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत आणि रंग बदलतो कातडीचा, हे कसं?

मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्याने मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि त्याच्या हुकमाने अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल हे तिसरं संप्रेरक बनवते. पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच वरच्या दोघांना आवर घालतं. अ‍ॅडिसनच्या आजारात कॉर्टिसॉलच नाही, म्हणून आवर नाही, आणि पिट्युटरी एसीटीएच ओतत राहते.

आता माझा आवडता भाग. पिट्युटरी एसीटीएच थेट बनवत नाही. आधी पीओएमसी नावाची लांबलचक प्रथिनसाखळी विणली जाते आणि मग कात्रीसारखी विकरं ती ठरावीक जागी कापतात. एक तुकडा 39 अमिनो आम्लांचा, तो एसीटीएच. त्याचीच पहिली 13 अमिनो आम्लं वेगळी कापली आणि दोन्ही टोकांना थोडी रासायनिक डागडुजी केली, की होतं अल्फा-एमएसएच, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींना मेलॅनिन बनवायला सांगणारं संप्रेरक. प्रौढ माणसाच्या पिट्युटरीत ही दुसरी कापणी फारशी होत नाही. पण ती व्हायची गरजही नाही! रंगपेशीवरच्या एमसी1आर या संप्रेरकाचा संदेश टिपणाऱ्या ग्राहीला पटणारी खूण सहाव्या ते नवव्या अमिनो आम्लांत आहे, आणि ती अखंड एसीटीएचमध्येही तशीच असते. अ‍ॅड्रिनलची ग्राही मात्र चोखंदळ आहे: तिला ही खूण हवीच, शिवाय पुढचा पंधरा ते अठरा हा पट्टाही हवा. म्हणून एमएसएच अ‍ॅड्रिनलला जागवू शकत नाही, पण एसीटीएच कातडी काळी करू शकतं. एरवी ते इतकं थोडं असतं की रंगपेशी दाद देत नाहीत. आजारात त्याची पातळी कैक पट वाढते, आणि मग तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, नवे व्रण अशा घासल्या-दुमडल्या जाणाऱ्या जागा आधी गडद होतात.

आपल्या सावळ्या लोकांत हिरड्या मुळातच काळसर असू शकतात, म्हणून नव्याने झालेला बदल महत्त्वाचा. सकाळी रक्त तपासलं तर कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप जास्त दिसतं. हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच, गोळ्या सुरू झाल्या की आवर परत येतो आणि रंग हळूहळू उतरतो. उजळपणाच्या क्रीमचा इथे काडीचा उपयोग नाही.

उलट पिट्युटरीच निकामी झाली तर कॉर्टिसॉल तितकंच घसरतं, थकवाही तसाच येतो, पण एसीटीएच नसल्याने कातडी काळवंडत नाही, फिकट पडते.