बदामाला एक मिनिट, टोमॅटोला अर्धं

टोमॅटोच्या सारासाठी आमच्याकडे टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून झाकण ठेवत आणि दहा मिनिटांनी बघत. सालं निघायची, पण निम्मा गरही पातेल्यात उतरलेला असायचा. सारात ते खपतं. टोमॅटो अख्खा आणि घट्ट राहायला हवा असेल, तर मात्र सेकंद मोजावे लागतात.

टोमॅटोची साल गराला पेक्टिनने चिकटलेली असते. जॅम घट्ट करतं तेच हे पेक्टिन. उकळत्या पाण्यात ते सैल पडतं, सालीखालचा ओलावा तापून फुगतो आणि साल सुटते. मग पाणी नुसतं कडकडीत गरम असलं आणि टोमॅटो त्यात जास्त वेळ ठेवला तर? साठ अंशांच्या आसपास टोमॅटोतलं एक विकर जोमाने काम करतं आणि त्यातल्या कॅल्शियमच्या मदतीने पेक्टिन उलट घट्ट होतं. म्हणून पाणी खळखळ उकळतंच हवं. पुण्यात ते साधारण ९८ अंशांना उकळतं, तेवढं पुरतं.

चार मध्यम टोमॅटोंना तीन लिटर पाणी घ्या. पाणी कमी असलं तर गार टोमॅटो पडताच उकळी बसते. प्रत्येकाच्या बुडाला सुरीने उथळ फुली मारा, म्हणजे साल कुठून फाटायची ते ठरतं. पिकलेल्याला ३० सेकंद, कडक असेल तर ६०. फुलीची टोकं वळली की लगेच काढून बर्फाच्या पाण्यात टाका. अर्ध्या मिनिटात उष्णता जेमतेम दोन मिलिमीटर आत जाते, दोन मिनिटांत सुमारे चार. बाहेर काढला तरी थरातली उष्णता आत सरकतच राहते, म्हणून ते गार पाणी. सालीला गर चिकटून आला तर वेळ जास्त झाला. साल तुकड्यातुकड्यांनी निघाली तर कमी पडला.

बदामाची गोष्ट वेगळी. टोमॅटोत पाणी आधीच असतं, बदामाच्या कोरड्या तपकिरी सालीत ते शिरावं लागतं. पाणी पिऊन साल फुगते, सुरकुतते आणि गरापासून सुटते. रात्रभर गार पाण्यात भिजवून हेच होतं; उकळत्या पाण्यात ६० सेकंदांत. मग चाळणीत ओतून गार पाणी सोडा आणि एक बदाम चिमटीत दाबा. गर सटकन निसटला पाहिजे (दुसरा हात आडवा धरा, नाहीतर तो थेट ओट्याखाली). नाहीच निघाला तर आणखी १५ सेकंद. जुन्या, वाळलेल्या बदामांना तेवढे लागतात. पण पाच मिनिटं ठेवलेत तर पाणी गरातही मुरतं आणि बदाम मऊ पडतो.

मसाला दुधाच्या पुडीसाठी सोललेले बदाम फडक्यावर पसरून पूर्ण वाळवा. ओले बदाम मिक्सरमध्ये गेले की पूड न होता गोळा होतो.