‘तसलाच उजेड हवाय’ म्हणजे नेमकं काय?

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी आम्ही एका चित्रकाराला निरोप दिला होता : ‘एक आजोबा समईच्या उजेडात पोथी वाचतायत. वातावरण उबदार, सात्त्विक, जुन्या काळातलं. साधारण रविवर्मांच्या त्या दिवेवालीसारखं.’ आठ दिवसांनी चित्र आलं. आजोबा गोरेपान, अंगावर जरीकाठी उपरणं, मागे मखमली पडदा, आणि सगळीकडे सारखाच लख्ख प्रकाश. समई होती, पण ती विझवली असती तरी चित्रात काही फरक पडला नसता.

चूक चित्रकाराची नव्हती. आम्ही त्याला सांगितलं ते चित्राबद्दल नव्हतंच, चित्र पाहून आम्हाला काय वाटलं ते होतं. शिवाय नावही चुकीचं दिलं होतं. ज्या दिवेवालीबद्दल आम्ही बोलत होतो ती रविवर्मांची नाहीच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. त्यांनी ते १९४५-४६च्या सुमारास काढलं, आणि त्यासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी. रविवर्मा १९०६ सालीच गेले होते. तरी कॅलेंडरांवर आणि बैठकीच्या खोल्यांत हे चित्र वर्षानुवर्षं त्यांच्या नावावर खपत आलंय. आमचा चित्रकार प्रामाणिकपणे रविवर्मांकडे गेला, तिथे त्याला तैलरंग, मखमल आणि जर सापडली, आणि त्याने ती दिली.

मग आम्ही हळदणकरांच्या चित्राची छापील प्रत टेबलावर ठेवली आणि एक नियम केला. ‘सुंदर’, ‘उबदार’, ‘जादुई’ हे शब्द बंद. जे दिसतंय ते का दिसतंय, तेवढंच लिहायचं.

सुरुवात उजेडापासून केली, कारण या चित्रात बाकी सगळं त्याच्यामागून येतं. उजेडाला विचारायचे प्रश्न साधे असतात : तो कुठून येतो, त्याचा उगम केवढा आहे, आणि तो किती लवकर मावळतो? चित्रातली बाई एका हातात दिवा धरून उभी आहे आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिने ज्योतीपुढे आड धरलाय. म्हणजे उगम एकच आणि तोही चेहऱ्याच्या खाली. शिवाय ज्योत आपल्यापासून लपवलेली आहे. ही तिसरी गोष्ट आम्ही पहिल्या खेपेला लिहायलाच विसरलो होतो, आणि खरी मेख तिथेच आहे. उघडी ज्योत दिसली असती तर डोळा तिच्यावरच अडकला असता आणि चेहरा दुय्यम झाला असता. खालून आलेला उजेड एरवी चेहरा भेसूर करतो; लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून सगळ्यांनी भुतं केलेली असतात. इथे तसं होत नाही. याचं एक कारण मला असं वाटतं की, आड धरलेला तळवा स्वतःच एक छोटा परावर्तक होतो. ज्योतीचा उजेड त्याच्यावर आपटून परत फिरतो आणि सावल्यांच्या कडा मऊ करतो. उगम जितका पसरट, तितकी सावली मऊ, हे स्वच्छ उन्हातली आणि ढगाळ दिवसातली सावली शेजारी ठेवली की पटतं.

मावळण्याचं गणित त्याहून मजेदार आहे. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिव्यापासून चेहरा ३० सेंटिमीटरवर आणि भिंत १२० सेंटिमीटरवर असेल, तर अंतर चौपट, पण भिंतीला मिळणारा उजेड चेहऱ्याच्या सोळावा हिस्सा. आता छतावरची ट्यूबलाइट घ्या. चेहरा तिच्यापासून दोन मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल तर भिंतीला चेहऱ्याच्या जवळजवळ निम्मा उजेड मिळतो. आमच्या पहिल्या मुखपृष्ठातले आजोबा ट्यूबलाइटखाली बसले होते ते हे असे. ‘अंधारी पार्श्वभूमी’ म्हटलं असतं तर त्याने मागे काळा पडदा रंगवला असता आणि चेहरा तसाच सपाट ठेवला असता. म्हणायला हवं होतं ते असं : ‘दिव्यापासून हातभर दूर गेलं की सगळं अंधारात बुडतं, आणि चेहऱ्यावरसुद्धा हनुवटी कपाळापेक्षा उजळ आहे.’

पंजाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. बोटांच्या कडा तांबड्या पेटल्यासारख्या दिसतात. उजेड बोटांवर पडून परत आलेला नाही, बोटांतून आरपार आलाय. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवून पाहा. टॉर्च पांढरी, बोट लाल. त्वचेखालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश भराभर शोषतं, लाल बराचसा सोडून देतं. उजेड मांसात इकडेतिकडे विखुरतो, त्यामुळे हाडाची स्पष्ट सावली दिसत नाही, नुसतं तांबडं दिसतं. हा तांबडेपणा चित्रातला सर्वांत ‘जिवंत’ भाग वाटतो. तो जिवंत गोष्टीमुळेच आलेला आहे, म्हणून निरोपात ‘लाल हात’ असं लिहून चालत नाही. ‘बोटांच्या पातळ कडांतून उजेड आरपार येतो, जाड भाग काळसर राहतो’ असं लिहावं लागतं.

रंगाच्या बाबतीत आम्ही सपशेल फसलो. आमच्यापैकी एकाने लिहिलं, ‘सोनेरी उजेड, निळसर सावल्या.’ दुसरीने एका पांढऱ्या जाड कागदाला मटारएवढं भोक पाडलं आणि छापील प्रतीवर तो कागद सावलीच्या जागी ठेवला. भोकातून दिसला तो मळकट तपकिरी-करडा. निळा कुठेच नाही. नारिंगी रंगाशेजारी ठेवलेला करडा डोळ्याला निळसर भासतो. रंगीत धाग्यांबद्दलच्या अशाच तक्रारींचा छडा लावताना मिशेल शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे उमगलं आणि १८३९ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यातल्या धाग्यांचा काळा रंग फिका निघतो अशी ओरड होती. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता. निरोपात ‘निळ्या सावल्या’ लिहून चित्रकाराने खरोखरच निळ्या केल्या, की चित्र सिनेमाच्या पोस्टरसारखं होतं. भोकाचा कागद हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

प्रत्येक रंगाबद्दल तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात : तो कोणत्या जातीचा (तांबडा, पिवळा, जांभळा), किती उजळ किंवा गडद, आणि किती भडक किंवा मळका. ‘पिवळा’ म्हटल्यावर लिंबूही येतं आणि मेणही. उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात. तेलाच्या ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, तर भर दुपारच्या उन्हाचा ५५०० केल्विनच्या आसपास. आकडा जितका खाली, तितका उजेड तांबूस. म्हणून दिव्याजवळची जांभळट साडी जांभळी राहत नाही. ज्योतीत निळा प्रकाश इतका थोडा असतो की साडीला परत पाठवायला निळं मिळतच नाही, आणि ती विटकरी-तपकिरीकडे झुकते. इथे एक सावधगिरी हवी. या चित्राच्या इंटरनेटवरच्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. काही हळदीसारख्या पिवळ्या, काही फिकट. आम्ही तीन प्रती शेजारी ठेवल्या आणि तिन्हींत सारखं होतं तेवढंच लिहिलं. अशा वेळी छटेपेक्षा उजळ-गडदाचा क्रम जास्त विश्वासाचा असतो. प्रत मोबाईलवर कृष्णधवल करून पाहिली की तो लगेच कळतो.

पोताबद्दल लोक थोडक्यात बोलतात, बहुधा ‘मऊ’ म्हणून मोकळे होतात. पण मऊ काय, साडी की चित्राचा पृष्ठभाग? हे दोन पोत निराळे. रंगवलेली वस्तू रेशमी असू शकते आणि कागद खरखरीत. आणि तिथूनच थेट माध्यमाची गोष्ट सुरू होते, कारण हळदणकरांचं हे चित्र जलरंगातलं आहे.

तैलरंगात उजळ ठिपका शेवटी, वर, जाड लावता येतो. चुकलं तर त्यावर पुन्हा रंग. पारदर्शक जलरंगाच्या रूढ पद्धतीत याच्या उलट चालतं. उजेड रंगाच्या पातळ थरातून खाली कागदापर्यंत जातो, कागदावरून परततो आणि पुन्हा रंगातून येतो. सर्वांत उजळ जागा म्हणजे रंग न लावलेला कागद. ती पहिल्यापासून राखून ठेवावी लागते. एकदा गडद झाली की मूळचा पांढरा परत मिळत नाही. रंग ओल्या कागदावर लावला तर कड विरघळते, कोरड्यावर लावला तर धारदार राहते, आणि खरखरीत कागदाच्या खळग्यांत रंगाचे कण साठून बारीक रवाळपणा येतो. ‘तैलरंगासारखं’ म्हटलं की हे सगळं जातं आणि तुकतुकीतपणा येतो. रविवर्मांच्या नावाने आमचं जे नुकसान झालं, त्यातला अर्धा वाटा या माध्यमाचा होता.

आपलं वर्णन जमलंय का, हे तपासायची एक युक्ती आम्हाला उपयोगी पडली. वर्णनातून बाई, साडी आणि दिवा काढून टाकायचे. मागे काही उरलं तर ते त्या चित्राचं रूप. काहीच उरलं नाही तर आपण फक्त विषय सांगितला होता. मग ते मूळ चित्र न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘सावली कुठे आहे? सर्वांत उजळ काय आहे?’ आमच्या पहिल्या निरोपावर कचेरीतल्या शिपाईकाकांनी उत्तर दिलं होतं, ‘असेल की कुठेतरी.’

दुसरा निरोप असा गेला : ‘उजेडाचा उगम एकच, छोटी ज्योत, चेहऱ्याच्या खाली, आपल्याला न दिसणारी, उघडलेली पोथी तिच्या आड. हनुवटी, नाकाचा खालचा भाग आणि बोटं उजळ. कपाळ अर्धवट, खांद्यापलीकडे अंधार. उजेड नारिंगी-पिवळा, सावल्या मळकट तपकिरी, निळ्या नाहीत. भडक रंग फक्त ज्योतीच्या अगदी जवळ. पारदर्शक जलरंग, खरखरीत कागद; सर्वांत उजळ जागी कागद कोरा. पोथीची कड धारदार, डोक्यामागची कड विरघळलेली.’

चेहऱ्यावरचा भाव यात नाही. तो शब्दांत उतरेना, तेव्हा त्यासाठी आम्ही सरळ एका ओळखीच्या आजोबांचा फोटो पाठवला.

चित्रकाराचा फोन आला. ‘त्या चित्रात पंजा तांबडा पेटलाय. मग इथे पोथीचं पान लाल करू का?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पानात रक्त नसतं. कागदातून येणारा उजेड ज्योतीच्याच रंगाचा राहील, फार तर जुन्या पानामुळे थोडा आणखी पिवळा, आणि पलीकडच्या बाजूची छपाई उलट्या अक्षरांत पुसट दिसेल. तांबडी होईल ती फक्त पान धरलेल्या अंगठ्याची कड.

‘मग अंगठा जरा ज्योतीजवळ आणतो,’ तो म्हणाला.